चांदणीखालचे किलोमीटर

इलेक्ट्रिक स्कूटर बाजारात येते त्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर एक मोठा आकडा असतो आणि त्याच्या खांद्यावर एक छोटी चांदणी. समजा, एका चार्जमध्ये 120 किमी. चांदणीचा पाठपुरावा करत पानाच्या तळाशी गेलो, की मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेले असते: प्रमाणित चाचणीनुसार, प्रत्यक्ष अंतर कमी-जास्त असू शकते. रोज कचेरीला जाणाऱ्या माणसाचा सगळा प्रश्न त्या तळच्या ओळीत असतो, आणि नव्या गाडीची जाहिरात लिहिणाऱ्याचे खरे कामही तिथेच असते. वरचा आकडा त्याला कंपनीकडून तयार मिळतो. तो आकडा वाचणाऱ्याच्या रस्त्यावर नेऊन उभा करणे, हे लिहिणाऱ्याने करायचे.

आधी तो आकडा येतो कुठून, ते पाहू. पुण्यात वेताळ टेकडीवर ‘एआरएआय’ ही 1966 साली सुरू झालेली संस्था आहे. देशात विकल्या जाणाऱ्या गाड्यांना प्रमाणपत्र देणाऱ्या मोजक्या संस्थांपैकी ही एक. इथे स्कूटर रस्त्यावर धावत नाही, ती रुळांवर धावते. मागचे चाक फिरत्या रुळावर टेकवतात, एकट्या स्वाराइतके वजन धरतात आणि ठरवून दिलेल्या तालावर गाडी चालवतात. या तालाला इंडियन ड्रायव्हिंग सायकल म्हणतात. जाहिरातीत दिसणारी ‘आयडीसी’ ही अक्षरे तिचीच. तालाचे एक आवर्तन 108 सेकंदांचे. त्यात गाडी निघते, वेग घेते, थांबते, पुन्हा निघते. सर्वाधिक वेग 42 किमी, सरासरी साधारण 22 किमी. बॅटरी संपेपर्यंत हेच आवर्तन पुन्हा पुन्हा. शेवटी रुळाने मोजलेले एकूण अंतर म्हणजे जाहिरातीतला मोठा आकडा.

ही चाचणी खोटी नाही. सगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच मापाने मोजल्या जाव्यात, यासाठी ती आहे आणि ते काम ती चोख करते. दोन स्कूटरींची तुलना करायची असेल तर हाच आकडा धरावा. अडचण पुढे येते. रुळावर समोरून वारा येत नाही, चढ नसतो, मागे कोणी बसलेले नसते आणि 42 च्या वर काटा जात नाही. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. म्हणजे 42 ऐवजी 60 ने गेलात, तर वाऱ्याला ढकलण्यासाठी लागणारा जोर जवळजवळ दुप्पट होतो. शहराच्या बाहेरून जाणाऱ्या मोकळ्या रस्त्यावर बॅटरीचा काटा भराभर खाली येतो, त्याचे मुख्य कारण हे.

फरक किती पडतो, हे कंपन्यांनीच सांगितले आहे. बेंगळुरूच्या एथर एनर्जीने 2018 मध्ये आपली पहिली स्कूटर आणली तेव्हापासून प्रत्यक्ष रस्त्यावरचे अंतर वेगळे सांगण्याचा पायंडा पाडला. त्यांच्या 2022 च्या 450 एक्स या गाडीचे प्रमाणित अंतर होते 146 किमी आणि कंपनीने स्वतः सांगितलेले रस्त्यावरचे अंतर 105. ओलाने 15 ऑगस्ट 2021 रोजी एस-1 प्रो जाहीर केली ती 181 किमीच्या आकड्यासह. पुढे रस्त्यावरचे अंतर म्हणून 135 हा आकडा समोर आला. दोन्हीकडे गुणोत्तर पाऊण किंवा त्याहून थोडे कमी. जाहिरातीतल्या आकड्याचा चौथा हिस्सा वजा करून पाहण्याची सवय लावून घेतली, तर ग्राहकाची फसगत सहसा होत नाही.

आता एक गाडी घेऊ आणि तिची जाहिरात खरोखर कशी लिहिली जाते ते बघू. गाडी कल्पित आहे, पण बाजारात अशा पुष्कळ आहेत: तीन किलोवॅट-अवरची बॅटरी, म्हणजे आपल्या घरगुती भाषेत तीन युनिट, प्रमाणित अंतर 120 किमी. ती पुण्यात येणार आहे. कंपनीने कागदावर लिहून दिले आहे की ग्राहक म्हणजे 25 ते 40 वयाचा, रोज कचेरीला दुचाकीने जाणारा, गर्दीने वैतागलेला.

एवढ्यावर जाहिरात लिहायला बसले, की ‘स्मार्ट प्रवासाची नवी पहाट’ अशा ओळी सुचतात. त्या कोणत्याही गाडीला चालतात, म्हणून कोणत्याच गाडीच्या नसतात. लिहिण्याआधी एक माणूस आणि एक रस्ता ठरवावा लागतो. आपण वारज्यात राहणारी, हिंजवडीच्या फेज तीनमध्ये नोकरी करणारी एक बाई घेऊ. एका बाजूचे अंतर साधारण 20 किमी. चांदणी चौकापासून वाकडपर्यंतचा बराचसा भाग महामार्गाचा आणि त्याच्या सेवा रस्त्याचा, जिथे सकाळी लवकर निघाले तर 55-60 चा वेग मिळतो. वाकडच्या पुलापासून पुढे मुंगीच्या पावलांनी. जाऊन-येऊन 40 किमी.

हिशेब सरळ आहे. मोकळ्या भागात असली गाडी किलोमीटरला 38 वॅट-अवरच्या आसपास खाते, गर्दीत 28 च्या आसपास. मोकळे 24 किमी आणि गर्दीचे 16 किमी धरले, तर दिवसाला सुमारे 1.4 युनिट. म्हणजे तीन युनिटच्या नव्या कोऱ्या बॅटरीतले निम्म्याहून थोडे कमी.

इथे विक्री विभागातल्या कोणाचे तरी डोळे चमकतात. निम्म्याहून कमी? मग ‘एक चार्ज, दोन दिवस’! ओळ छान आहे, लहान आहे, लक्षात राहते. आणि पहिल्या वर्षी, मागे कोणी नसताना, उतारावर वारा पाठीशी असताना ती खरीही ठरेल. पण दोन दिवसांचे झाले 2.8 युनिट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ही बाई वारज्याच्या अलीकडे पोचेल तेव्हा काटा दहा टक्क्यांच्या खाली असेल आणि बहुतेक गाड्या या टप्प्यावर स्वतःहून वेग कमी करतात. वाटेत मुलाला शिकवणीहून घ्यायचे ठरले, की गणित संपले. शिवाय बॅटरी वर्षागणिक थोडी थोडी आटते. चौथ्या वर्षी तिची साठवण्याची ताकद 80 टक्के उरली असे धरले, तर 2.4 युनिट राहतात. तेव्हा दोन दिवस जमणे नाही.

म्हणून ती ओळ खोडायची. कचेरीला जाणाऱ्याला दिलेले वचन चौथ्या वर्षीच्या जुलै महिन्यात, मागे कोणीतरी बसलेले असतानाही टिकले पाहिजे, हे माप मी मानतो. त्या मापाला काय उतरते? चौथ्या वर्षीसुद्धा रोजची हिंजवडीची फेरी होऊन घरी येताना बॅटरीत चाळीस टक्क्यांच्या आसपास शिल्लक राहते. मग ओळ अशी लिहिता येते: ‘वारजे ते हिंजवडी, जाऊन-येऊन, आणि वाटेतली भाजीही.’ खाली बारीक न करता, वाचता येईल अशा अक्षरात: ‘प्रमाणित अंतर 120 किमी. पुण्याच्या रस्त्यावर 85 धरून चाला.’

‘85 धरून चाला’ हे शब्द बैठकीत मान्य करून घेणे हे या धंद्यातले सर्वांत अवघड काम आहे. समोरची कंपनी 130 छापणार, मग आपण 85 का छापायचे, हा प्रश्न येतोच आणि तो रास्त आहे. माझे उत्तर असे असते की इलेक्ट्रिक स्कूटर घेणारा माणूस आधी सोसायटीतल्या, कचेरीतल्या तिघांना विचारून येतो. त्या तिघांनी सांगितलेला आकडा आणि जाहिरातीतला आकडा जुळला, तर पुढची प्रत्येक ओळ तो खरी मानून वाचतो. जुळला नाही, तर किमतीच्या ओळीवरही त्याचा विश्वास बसत नाही.

अंतर असे जागेवर आले, की जाहिरातीचा मथळा कशावर करायचा हे ठरवायला मन मोकळे होते. गर्दीच्या शहरात या गाडीचा सर्वांत मोठा गुण अंतर नाहीच. पेट्रोलचे इंजिन सिग्नलला उभे असताना चालू राहते आणि थांबत-निघत चालवले की जास्त इंधन पिते. विजेच्या मोटरचे तसे नाही. गाडी उभी, की मोटर उभी. वीज खातात ते फक्त दिवे आणि पडदा, आणि ते नगण्य. पुन्हा, ब्रेक लावताना किंवा वेग सोडताना मोटर उलट काम करून थोडी वीज बॅटरीत परत भरते. त्यामुळे पेट्रोलच्या गाडीला जी कोंडी महाग पडते, ती या गाडीला महामार्गापेक्षा स्वस्त पडते. वरच्या हिशेबातले 38 आणि 28 हे आकडे याच गोष्टीचे. लोकांना हे ठाऊक नसते. उलट, कोंडीत अडकलो तर बॅटरी संपेल, ही भीती अनेकांना असते. जाहिरातीने सांगावी अशी बातमी ही आहे.

मथळ्याचा पहिला मसुदा होतो: ‘ट्रॅफिकमध्ये पेट्रोल जाळणे आता बंद.’ तो कायद्याच्या जाणकाराकडे जातो आणि लाल रेघ मारून परत येतो. कारण आज पेट्रोलच्या काही स्कूटरी सिग्नलला आपोआप इंजिन बंद करतात, तेव्हा सरसकट सगळ्यांना नावे ठेवता येत नाहीत. दुसरा मसुदा: ‘कोंडीत खर्च शून्य.’ दिव्यांची वीज आहे, म्हणून शून्य हा शब्दही जातो. तिसरा टिकतो: ‘ट्रॅफिक थांबला, की मोटरही थांबते.’ यात कोणाची निंदा नाही, एकही विशेषण नाही, आणि प्रत्येक शब्द मोजून दाखवता येतो. वाकडच्या पुलाखाली मोठ्या फलकावर हे वाक्य लावले, तर ते वाचायला लोकांना भरपूर वेळ असतो.

या रेघा मारण्यामागे नुसता सावधपणा नाही. जाहिरातींवर लक्ष ठेवणारी ‘एएससीआय’ ही उद्योगाने स्वतः चालवलेली संस्था मुंबईत 1985 पासून आहे. त्याशिवाय ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली केंद्रीय प्राधिकरण नेमले गेले आणि त्याने जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी नियम काढले. दंड पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. त्या नियमांतल्या दोन गोष्टी चांदणीला थेट लागू पडतात. एक, वर केलेला चुकीचा दावा तळटीप दुरुस्त करू शकत नाही. दुसरी मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवावी: दावा ज्या भाषेत आणि ज्या टाइपात, तळटीपही त्याच भाषेत आणि त्याच टाइपात हवी. वर ठळक मराठी आणि खाली बारीक इंग्रजी, अशी जाहिरात दिसली तर ती नियमात बसत नाही.

पावसाविषयीची ओळ हा दुसरा घसरडा भाग. बॅटरीला ‘आयपी-67’ असा दर्जा असतो. पहिला आकडा 6, म्हणजे धूळ आत जात नाही. दुसरा 7, म्हणजे प्रयोगशाळेत स्वच्छ पाण्यात एक मीटर खोल, अर्धा तास ठेवली तरी पाणी आत शिरत नाही. हे कळले की चित्रकाराला गुडघाभर पाण्यातून फवारे उडवत जाणारी स्कूटर काढायचा मोह होतो. पण हा दर्जा बहुतेक वेळा एकट्या बॅटरीचा किंवा मोटरचा असतो. वायरींचे जोड, चार्जिंगचे तोंड, चाकाचे बेअरिंग, पडदा यांचा दर्जा वेगळा असू शकतो, आणि तुंबलेल्या रस्त्यावरच्या पाण्यात चिखल, तेल, मीठ सगळे असते. हमीपत्रात पाणी शिरून झालेल्या बिघाडाची जबाबदारी नाकारलेलीही सापडते. ज्या गोष्टीची हमी कागद देत नाही, तिचे चित्र काढू नये. मुंबईत हिंदमाता किंवा मिलन सबवे माहीत असलेल्या माणसासाठी ओळ एवढीच पुरे: ‘पावसात चालवा. साचलेल्या पाण्यात घालू नका.’ जाहिरातीत नकार लिहिला की गाडी दुबळी वाटेल, असे काहींना वाटते. मला वाटते, हा नकार वाचल्यावर ‘पावसात चालवा’ हे आधीचे दोन शब्द अधिक खरे वाटतात.

मग किंमत. जाहिरातीत छापतात ती शोरूममधली किंमत; विमा, नोंदणी आणि जोडीच्या वस्तू धरून गाडी रस्त्यावर येते तेव्हा रक्कम वाढलेली असते. इलेक्ट्रिक गाडीत आणखी एक फट असते: चार्जर किमतीत आहे की वेगळा, आणि पडद्यावरच्या नकाशासारख्या सोयींचे पैसे दरवर्षी भरायचे का? केंद्राचे अनुदान मिळायला कारखान्यातली किंमत दीड लाखाच्या आत हवी होती, त्या काळात काही आघाडीच्या कंपन्यांनी चार्जरचे पैसे वेगळे घेतले. सरकारने हरकत घेतल्यावर 2023 मध्ये ते ग्राहकांना परत करायचे ठरले. तेव्हापासून जाणते ग्राहक पहिला प्रश्न चार्जरचा विचारतात. जाहिरातीने तो विचारायची वेळ येऊ देऊ नये; रस्त्यावरची पूर्ण किंमत, चार्जरसकट, शहराच्या नावासह छापावी.

बचतीचा आकडा मात्र मोठ्या प्रेमाने छापतात आणि तिथेच हिशेब सैल होतो. आपल्या वारज्याच्या बाईंचाच घेऊ. पेट्रोलची स्कूटर लिटरला 45 किमी, पेट्रोल 104 रुपये धरले, तर 40 किमीचे साधारण 92 रुपये. विजेच्या गाडीला 1.4 युनिट लागतात, चार्ज करताना थोडी वीज वाया जाते, म्हणून मीटरवर 1.7 युनिट. घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महागत जाते आणि स्कूटरची युनिटे घरातल्या वापराच्या वर चढतात, म्हणजे ती वरच्या दराने मोजली जाणार. म्हणून युनिटला 12 रुपये धरू. खर्च 20 रुपये. रोजची बचत 72, कामाचे 22 दिवस धरले तर महिन्याला साधारण 1,580 रुपये. वर्षाचे सगळे 365 दिवस, युनिट सात रुपये आणि पेट्रोलची गाडी लिटरला 35 असे धरले, की हाच आकडा दुपटीच्या घरात नेता येतो, आणि नेलाही जातो. प्रामाणिक ओळ अशी: ‘रोज 40 किमी जात असाल, तर महिन्याला सुमारे दीड हजार वाचतील.’ ‘रोज 40 किमी’ ही अट वाक्यातच बसवली आहे, चांदणीखाली नाही. जो माणूस रोज आठच किमी जातो, त्याला ती वाचून कळते की आपली बचत तीनशेच्या आसपासच असेल आणि केवळ बचतीसाठी गाडी बदलण्यात फारसा अर्थ नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, जी जाहिराती टाळतात. ही गाडी सगळ्यांसाठी नाही. तीन युनिटची बॅटरी साध्या घरगुती चार्जरने रिकामीची पूर्ण भरायला चार-पाच तास लागतात. रात्री दाराशी प्लग असेल तर हे काहीच नाही. पण जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहणारा, गाडी रस्त्याकडेला लावणारा माणूस प्लग आणणार कुठून? त्याच्यासाठी काढून घरात नेता येणारी किंवा केंद्रावर बदलून मिणारी बॅटरी असलेली गाडी बरी. सोसायटीत जागा आहे पण मीटरपासून तिथवर वायर ओढायला समितीची परवानगी नाही, हाही नेहमीचा अनुभव. माझ्या मते जाहिरातीच्या शेवटच्या परिच्छेदात ‘आजच नोंदणी करा’ याच्या आधी एक वाक्य हवे: ‘तुमच्या पार्किंगमध्ये प्लग आहे का, ते आधी पाहा. नसेल तर आमचा माणूस येऊन बघून जाईल.’ मात्र असे लिहिले तर तो माणूस खरेच गेला पाहिजे. नोंदणीच्या पैशांबरोबर गाडी हातात मिळण्याची तारीख छापतात, तीही पाळता येईल तीच छापावी. 2021 मध्ये 499 रुपयांत नोंदणी उघडली तेव्हा ओलाला एका दिवसात लाखावर नोंदण्या मिळाल्या, आणि गाड्या ग्राहकांच्या हातात पडायला डिसेंबर उजाडला, कबूल केलेला ऑक्टोबर उलटून गेल्यावर. लोकांच्या लक्षात पुढे लाखाचा आकडा कमी आणि उलटलेली तारीख जास्त राहिली.

बाकी सोयी दोन ओळींत उरकाव्यात. मागे जाण्याचा गिअर हा खेळ वाटतो, पण सव्वाशे किलोची गाडी कचेरीच्या खचाखच भरलेल्या पार्किंगमधून उतारावरून मागे ओढणाऱ्याला त्याची किंमत कळते, म्हणून तो लिहावा. डिकीत किती लिटर मावतात हे कोणाला समजत नाही; हेल्मेट, डबा आणि रेनकोट एकत्र मावतात की नाही, ते लिहावे. गाणी, रंगीत पडदा, आवाजावर चालणाऱ्या सूचना यांना जागा उरली तर द्यावी.

वाचकहो, पुढच्या वेळी पहिल्या पानावर नवी इलेक्ट्रिक स्कूटर दिसली, की मोठ्या आकड्यातून चौथा हिस्सा वजा करा, तुमची रोजची फेरी त्यात दोनदा बसते का पाहा, आणि शोरूममध्ये तीन गोष्टी लेखी मागा: चार्जरसकट रस्त्यावरची किंमत, बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल, आणि पाणी शिरून झालेला बिघाड हमीत येतो का. तिन्हींची उत्तरे कागदावर मिळाली तरच नोंदणीचे पैसे भरा.